अनुभव धागा: फेरफाराची नोटीस साध्या मराठीत लिहिताना

धागा सुरू करणारा, घाटंजी तालुका (केंद्रचालक)

आमच्या केंद्रात लोक जे कागद वाचून घ्यायला आणतात, त्यांत सगळ्यांत गोंधळाचा कागद म्हणजे फेरफाराची नोटीस. जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 150 खाली पटवारी ती काढतात आणि कोतवाल घरी आणून देतो. मजकूर साधारण असा असतो:

"उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, मौजे … येथील गट क्र. … क्षेत्र 0.81 हे.आर. बाबत अधिकार अभिलेखात खालीलप्रमाणे फेरफार नोंद घेण्यात आली असून, सदर नोंदीबाबत आपली हरकत असल्यास ही नोटीस प्राप्त झाल्यापासून 15 दिवसांचे आत तोंडी अथवा लेखी कळविण्यात यावे, अन्यथा सदर नोंदीस आपली संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल."

एका ताईची हकीकत सांगतो. सहा एकर वावर, सातबाऱ्यावर तिघा भावंडांची नावं सामाईक, वाटणी झालेली नाही. भावानं दोन एकर विकली आणि नोटीस ताईच्या सासरी गेली. ती कोतवालाकडून घेईचना, कारण सही केली की आपली संमती झाली असं तिला वाटत होतं. शेवटी कागद दाराला चिकटवला गेला आणि तो घेऊन ती माझ्याकडे आली. वाचून दाखवल्यावर तिनं तीन गोष्टी विचारल्या: माझी जमीन गेली का, मी कोणाकडे जायचं, आणि किती दिवस आहेत. तीनही उत्तरं त्या एका वाक्यात असायला हवीत, पण ऐकताना सापडत नाहीत. "घेण्यात आली", "कळविण्यात यावे", "धरण्यात येईल" यांत करणारा माणूसच नाही, मग कोणतं दार ठोठवायचं हे कळणार कसं?

मी तिला मूळ नोटिशीसोबत जोडायला असा कागद करून दिला:

"तुमच्या सामाईक वावराच्या सातबाऱ्यात बदल होणार आहे. अजून पक्का झालेला नाही.
काय बदल: तुमच्या भावानं 2 एकर (0.81 हेक्टर) विकली. त्याच्या जागी घेणाऱ्याचं नाव लागेल. तुमचं नाव राहील.
मान्य असेल तर काही करायचं नाही.
मान्य नसेल तर … तारखेपर्यंत पटवाऱ्यांना सांगा. लिहून द्या किंवा तोंडी सांगा. पोच मागून घ्या.
काही सांगितलं नाही तर तुमची संमती आहे असं धरून मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतील.
नोटीस मिळाल्याची सही म्हणजे संमती नव्हे."

ज्यांनी असे कागद सोपे करून दिले किंवा सोपे करून घेतले, त्यांनी काय ठेवलं, काय काढलं आणि कुठं अडलं ते लिहावं.

शिक्षिका, दर्यापूर

आमच्या बचत गटात मी अशी नोटीस सोपी करून मोठ्यानं वाचते आणि मग ऐकणारीलाच विचारते, "आता तू उद्या सकाळी काय करशील?" "समजलं का" असं विचारलं तर सगळ्या मान हलवतात, त्यातून काही कळत नाही. "मी पटवाऱ्याकडे जाईन आणि पोच घेईन" असं तिच्या तोंडून आलं तरच मी तो मजकूर कायम करते.

एकदा "हरकत नोंदवा" असं लिहिलेलं होतं. एक काकू म्हणाल्या, "मंग तहसीलीत अर्ज द्यावा लागते, वकील पायजे." म्हणून मी तिथं "पटवाऱ्यांना सांगा की मला हा बदल मान्य नाही, आणि का मान्य नाही" असं केलं. पुढच्या गटात कोणी वकिलाचं नाव काढलं नाही. क्षेत्राच्या बाबतीत मी नेहमी एकर आधी लिहिते, हेक्टर कंसात. 0.81 पाहून कोणालाही दोन एकर आठवत नाहीत, आणि "हे.आर." तर बायका "हेअर" असं वाचतात.

कास्तकार, समुद्रपूर

धागा चांगला आहे, पण तोंडी सांगून काही होत नाही हे लिहून ठेवा. तोंडी सांगितलेलं उद्या कोणी मानत नाही. लेखी अर्ज, स्टँप लावून, हाच मार्ग. आणि पंधरा दिवस नोटिशीवर वर जी तारीख असते तिच्यापासून धरायचे. आमच्या गावात सगळे तसेच धरतात.

निवृत्त मंडळ अधिकारी, अमरावती जिल्हा

समुद्रपूरच्या भाऊंचं अर्धं बरोबर आहे. लेखी दिलेलं केव्हाही चांगलं, पण कायद्यात तोंडी हरकतही चालते. तोंडी आली तरी पटवाऱ्यांनी ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-अ मध्ये, लिहून घ्यायची असते आणि लगेच लेखी पोच द्यायची असते. "पोच मागून घ्या" ही ओळ त्या कागदात आहे, ती कोणीही काढू नये. पोच नसली तर हरकत घेतली होती हे दाखवायला हातात काहीच राहत नाही. साध्या कागदावर दिलेली हरकत पुरते, स्टँपची गरज नाही.

दिवस मात्र नोटीस हातात पडल्यापासून मोजायचे, छापील तारखेपासून नाही. कागद तयार झाल्यावर वाटप व्हायला वेळ जातो. म्हणून सोप्या कागदावर "15 दिवसांत" एवढंच लिहून थांबू नये. नोटीस 4 जूनला मिळाली असेल तर "19 जूनपर्यंत" अशी तारीखच घालावी. दाराला चिकटवलेल्या नोटिशीला चिकटवल्याची तारीख धरतात, ती पंचनाम्यावर असते. नोटीस नाकारून फेरफार थांबत नाही.

सोपं करताना माझ्या नजरेनं एक धोका आहे. कागद वाचून माणसाला असं वाटू नये की हरकत घेतली की विक्री रद्द होते. खरेदीखत निबंधकाकडे नोंदलेलं असेल तर फेरफार त्याच्या मागून येतो. हरकत आली की मंडळ अधिकारी सुनावणी घेतात, दोन्ही बाजूंना बोलावतात आणि नोंद मंजूर किंवा नामंजूर करतात. पण खरेदीखत रद्द करणं त्यांच्या हातात नाही, ते दिवाणी न्यायालयाचं काम. सातबाऱ्यावरची नोंद म्हणजे मालकीचा शेवटचा पुरावाही नाही. निर्णय मान्य नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील असतं.

धागा सुरू करणारा

काकाजी, हीच गोष्ट मला त्या ताईच्या कागदात हवी होती. तिचं दुखणं तर वेगळंच होतं. भाऊ त्याचा हिस्सा विकतो याला तिचा विरोध नव्हता. पण खरेदीखताच्या चतुःसीमेत विहिरीच्या बाजूची दोन एकर दाखवली होती, आणि वाटणी झालेलीच नसताना विहिरीची बाजू कोणाची हे ठरलं कुठं? नोटिशीत मात्र फक्त क्षेत्र होतं, चतुःसीमा नव्हती. मी तिला खरेदीखताची नक्कल काढायला सांगितली. मग हरकतीत तिनं तीन ओळी दिल्या: वावर सामाईक आहे, वाटणी झालेली नाही, आणि विकलेला भाग विहिरीच्या बाजूला दाखवला आहे तो मला मान्य नाही. सोप्या कागदावर मग मी एक ओळ वाढवली: "या हरकतीनं विक्री रद्द होत नाही. विक्रीबद्दल भांडण असेल तर वकिलाला विचारा." ती ओळ वाचून ताई थोडी हिरमुसली, पण ती ठेवलीच पाहिजे असं मला वाटतं.

निवृत्त मंडळ अधिकारी

ठेवाच. आणि ताईंना सांगा, तिघं राजी असतील तर कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करता येतो. पण आता घेणाराही सहहिस्सेदार झाला की त्याचीही संमती लागेल. राजी नसतील तर तो वाद दिवाणी न्यायालयाचा. त्यांच्या सुनावणीचं पुढं काय झालं?

धागा सुरू करणारा

तारीख पडली आहे, निर्णय आलेला नाही.

बाप्पा, नेर परसोपंत

माझा प्रश्न वेगळा आहे, पण इथंच विचारतो. कपाशीचा पीकविमा मंजूर झाला म्हणून मेसेज आला, त्यात "लाभार्थ्याची ओळख प्रमाणीकरण प्रलंबित" असं आहे. आता मी कुठं जायचं? सोसायटीत विचारलं तर म्हणतात बँकेत जा, बँक म्हणते केंद्रात जा.

धागा सुरू करणारा

भाऊ, हा धागा फेरफाराच्या नोटिशीवर आहे, पण उत्तर देतो. आधार आणि बँक पासबुक घेऊन ज्या केंद्रातून अर्ज भरला तिथंच जा आणि त्यांना तुमच्या अर्जाची सद्यस्थिती उघडून दाखवायला सांगा. नेमकं काय अडलं आहे ते तिथंच दिसेल.

आशा कार्यकर्ती, धारणी

आमच्या इकडे कोरकू बोलणारी घरं जास्त. शिक्षिकाताईंनी सांगितलेली मोठ्यानं वाचायची रीत मी पण करते, पण साधी मराठीसुद्धा आमच्या आजींच्या पलीकडची. मी तो कागद कोरकूत सांगून मोबाईलवर रेकॉर्ड करते आणि घरी देते. लोक तो परत परत ऐकतात. तारीख मात्र मी कागदावर ठळक आकड्यात लिहिते, कारण रेकॉर्डिंगमधली तारीख लक्षात राहत नाही. माझा प्रश्न असा: मी सांगताना चुकीचं सांगितलं तर जबाबदारी कोणाची? पटवारी साहेबांना विचारलं, ते म्हणाले "तुमच्या जबाबदारीवर सांगा." मग मी फक्त तारीख, ठिकाण आणि पोच एवढंच सांगते, बाकी नाही.

निवृत्त मंडळ अधिकारी

तुम्ही केलं ते शहाणपणाचं आहे. सोप्या कागदावर वर "माहितीसाठी. मूळ नोटीस हीच अधिकृत" असं लिहावं आणि मूळ नोटीस सोबत ठेवावी, गट नंबर आणि फेरफार क्रमांक त्यातूनच उतरवावा. त्या कागदावर सही, शिक्का काही नको. फेरफार क्रमांक असला की नोंदीची स्थिती ऑनलाईन "आपली चावडी"वर कोणालाही पाहता येते, म्हणून तो चुकला तर सगळंच फसतं.

शिक्षिका, दर्यापूर

आमच्या पटवारी ताईंनी असा कागद कार्यालयाच्या फळ्यावर लावायची परवानगी दिली आहे. शेजारच्या साझ्यात विचारलं तर नाही म्हणाले, तहसीलदारांचं पत्र आणा म्हणाले. नियम तर एकच आहे ना? कोणाकडे असं पत्र निघालं असेल तर त्यातला मजकूर इथं टाका, आम्ही तहसीलीत अर्जासोबत जोडू.

कास्तकार, समुद्रपूर

आमच्याकडे निघालेलं नाही. सोमवारी तहसीलीत जातो आहे, ताईंच्या कागदाची प्रत द्या, तीच दाखवतो. आणि पोच मागून घेईन.