आठ मिलिसेकंदांचा उरलेला घोष

जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी 'ड'सारखे घोष, म्हणजे स्वरतंतू कंपवून उच्चारलेले, व्यंजन 'ट'सारखे अघोष होते. मात्र त्या घोषत्वाचा बारीकसा माग उच्चारात उरतो असे म्हटले, की प्रश्न येतो: "फरक इतका बारीक असेल, तर अघोषीकरण पूर्ण होते असे मानायला काय हरकत आहे?"

जर्मनमध्ये 'चाक' आणि 'सल्ला' या अर्थांचे दोन्ही शब्द 'राट' असेच ऐकू येतात. पण चाकाचे अनेकवचन 'रेडर' होते, म्हणून त्याच्या मूळ रूपात 'ड' धरतात. अघोषीकरणाच्या नियमाने या 'ड'चे घोषत्व पुसूनच रूप उच्चाराकडे सोपवले असते, तर दोन्ही स्वर सारख्याच लांबीचे यायला हवे होते. मोजमापात मात्र चाकातला स्वर किंचित लांब भरतो, जसा घोष व्यंजनाआधी भरतो. चाकाचा शब्द लिहिताना शेवटी d लिहितात, तेव्हा ही लेखनाची छाया असावी हा आक्षेप रास्त आहे, कारण डचमध्ये केवळ स्पेलिंगमुळेही असा फरक पडल्याचे दिसले आहे. म्हणूनच २०१४चा जर्मन प्रयोग मला मोलाचा वाटतो: त्यात बनावट शब्दांची अनेकवचने फक्त ऐकवून एकवचन म्हणायला लावले, तरीही सुमारे ८ मिलिसेकंदांचा फरक उरला.

तरी एवढ्यावरून मूळ रूपातील घोषत्वच उच्चारापर्यंत पोहोचते असे ठरत नाही. 'राट' म्हणताना 'रेडर'ही मनात जागे होऊन उच्चाराला आपल्याकडे ओढत असेल, हेही स्पष्टीकरण तितकेच बसते. तसे असेल, तर ज्यांचे अनेकवचन वारंवार वापरात असते, त्या शब्दांत हा अवशेष अधिक ठळक मिळायला हवा.