फळ्यावरच्या शब्दयादीचा फोटो गेला, पोलीस भरतीच्या लेखीसाठी मदत हवी आहे

राजेहो, बर्डीच्या क्लासमधी सरांनी फळ्यावर समानार्थी, विरुद्धार्थी अन् वाक्प्रचाराची यादी लिहिली होती, मी फोटो काढला अन् मोबाईल रिसेट केला त्यात तो गेला. बॅकअप बंदच होता, रिसायकल बिनमधीही नाही, अन् शेजारच्या पोराच्या फोटोत अर्धा फळा सरांच्या पाठीमागं गेलेला. सर गावाला गेलेत, रविवारी टेस्ट आहे.

अनल म्हणजे विस्तव अन् अनिल म्हणजे वारा, हे पक्कं आहे. अग्रज × अनुज पण जमलं (आधी वंशज लिहिलं होतं, हसू नका). अडलं ते दोन ठिकाणी.

एक, पय. शब्दकोशात दूध अन् पाणी दोन्ही दिलेत, मग पर्यायात नीर अन् दुग्ध दोन्ही आले तर काय टिकवायचं?

दुसरं, कान फुंकणे म्हणजे चुगली करून मन कलुषित करणं, हे समजलं. पण कान टोचणे अन् कान उपटणे दोन्हीत चूक दाखवणंच आहे ना, मग वाक्यात उपयोग करताना फरक कसा दाखवायचा? एकेक वाक्य देता का कोणी?