मदत हवी आहे: मांडवाचा ॲडव्हान्स नोव्हेंबरात आला, बिल फेब्रुवारीत होणार. जीएसटी कधी भरायचा होता?

फोंड्याचा_मांडववाला · २४ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी. फोंड्यात माझा मांडव, स्टेज, लायटिंग आणि खुर्च्यांचा धंदा आहे. जीएसटी नोंदणी आहे, रिटर्न दर महिन्याला भरतो, दर १८ टक्के.

६ फेब्रुवारीला म्हार्दोळजवळच्या एका सभागृहात लग्न आहे. काम ३,५४,००० ला ठरलं, जीएसटी धरून. नवऱ्यामुलाचे वडील पुण्यात असतात, त्यांनी २८ नोव्हेंबरला माझ्या खात्यात १,३८,००० पाठवले. त्यातले १,१८,००० ॲडव्हान्सचे आणि २०,००० सामानाच्या अनामतीचे. अनामत सगळं सामान नीट परत आलं की द्यायची असते. मी पावतीपुस्तकावर एकच पावती फाडली, 'रु. १,३८,००० मिळाले', आणि फोटो काढून पाठवून दिला.

माझा हिशेब बघणाऱ्यांनी तेव्हा सांगितलं, बिल कराल तेव्हा टॅक्स भरू. नोव्हेंबर आणि डिसेंबरची रिटर्न तशीच गेली. परवा मेव्हणा बँक स्टेटमेंट आणि GSTR-3B शेजारी ठेवून जुळवत होता. २८ नोव्हेंबरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, हे पैसे रिटर्नमध्ये कुठेच नाहीत. तेव्हापासून झोप नाही. असे अजून तीन ॲडव्हान्स आहेत, पण हा सर्वात मोठा.

टॅक्स नोव्हेंबरातच द्यायला हवा होता का? आणि आता काय करू?

म्हापसा_हार्डवेअर

काळजी सोडा. ॲडव्हान्सवरचा टॅक्स केव्हाच बंद झाला. १५ नोव्हेंबर २०१७ ची अधिसूचना आहे, क्रमांक ६६. मी टाइल्सच्या ऑर्डरीवर निम्मे पैसे आधी घेतो आणि बिलाच्या दिवशीच टॅक्स लावतो. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही.

डिचोलीकर

हार्डवेअरबाब, अधिसूचना बरोबर आहे, पण ती मालाला आहे. तुम्ही टाइल विकता, टाइल गिऱ्हाइकाच्या घरी जाते ती जातेच. मांडववाल्यांच्या खुर्च्या लग्न झालं की टेंपोत बसून परत येतात. ते विकत काहीच नाहीत, सेवा देतात, आणि सेवेला ती सवलत मिळालेली नाही. तुमचं ऐकून सेवेवाले फसतात, म्हणून स्पष्ट लिहितोय.

मांडववाले, सेवेसाठी कलम १३ बघायचं. बिल वेळेत केलंत तर बिलाची तारीख किंवा पैसे मिळाल्याची तारीख, यातली जी आधी येते तिला टॅक्स लागू होतो, आणि तोही जेवढे पैसे आले तेवढ्यापुरताच. म्हणजे १,१८,००० चा टॅक्स नोव्हेंबरचा, आणि तो २० डिसेंबरपर्यंत भरायला हवा होता. उरलेल्या २,३६,००० चा नाही.

१,१८,००० वर पुन्हा १८ टक्के लावू नका. ठरलेली रक्कम टॅक्स धरून आहे, तेव्हा आलेल्या पैशातही टॅक्स आहेच. १,१८,००० ला ११८ ने भागून १८ ने गुणा, १८,००० येतात. मूळ रक्कम एक लाख.

अनामतीचे २०,००० यात धरायचे नाहीत. परत द्यायची अनामत हा सेवेचा मोबदला नव्हे. मात्र उद्या 'अनामत बिलात वळती करून घ्या' असं ठरलं, तर वळती केलेल्या दिवशी ती मोबदला होते. एकच पावती फाडलीत ती चूक. अनामतीची साधी पावती वेगळी करा, आणि ॲडव्हान्ससाठी रिसीट व्हाउचर करा, त्यात दर आणि टॅक्स वेगळा दाखवा. पुण्याहून आलेल्या मेसेजमध्ये 'ॲडव्हान्स अमुक, डिपॉझिट अमुक' असं लिहिलं असेल तर जपून ठेवा. नाहीतर सगळेच पैसे ॲडव्हान्स होते असं कोणी म्हटलं तर हातात काही नाही.

वास्कोचा_हिशेबनीस

पैसे पुण्याहून आलेत, देणारा महाराष्ट्रातला. मग आयजीएसटी लागणार ना? ते सीजीएसटी-एसजीएसटी भरून बसतील आणि पुन्हा घोळ होईल.

डिचोलीकर

नाही लागणार. लग्नासाठी जागेवर दिलेल्या सेवेचं ठिकाण म्हणजे ती जागा. सभागृह गोव्यात आहे, मग पैसे पुण्यातून येवोत की दुबईतून. ९,००० सीजीएसटी, ९,००० एसजीएसटी, आणि ठिकाण 30-Goa.

पाळोळे_होमस्टे

माझ्याकडे असंच झालंय, म्हणून इथेच विचारते. डिसेंबरच्या बुकिंगचे २१,००० ऑक्टोबरात आले, मी व्हाउचर करून टॅक्स भरला. पाहुण्यांनी यायचं रद्द केलं. मी निम्मे परत दिले, निम्मे ठेवले. भरलेला सगळा टॅक्स परत मिळेल ना?

डिचोलीकर

ताई, ठेवलेल्या निम्म्यावरचा नाही. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात म्हटलंय की हॉटेल-टूरच्या बुकिंगमधले जप्त केलेले पैसे त्याच सेवेच्या दराने करपात्र आहेत. परत दिलेल्या निम्म्यासाठी रिफंड व्हाउचर करा. त्यावरचा टॅक्स परत कसा घ्यायचा याबाबत एप्रिल २०२० चं परिपत्रक रिफंडचा अर्ज करायला सांगतं. बरेच जण पुढच्या रिटर्नमध्ये वजा करतात. मी अर्जाच्या बाजूचा आहे, पण अर्जाला वेळ लागतो हेही खरं.

पाळोळे_होमस्टे

जीव थोडा खाली पडला, थोडा वर गेला. वेगळा धागा काढते.

फोंड्याचा_मांडववाला

डिचोलीकरबाब, खूप आभार. पुण्याच्या काकांचा मेसेज आहे, त्यात दोन्ही रकमा वेगळ्या लिहिल्यात. आता दोन गोष्टी. एक, राहिलेला टॅक्स कुठे कसा दाखवू? दोन, उरलेले २,३६,००० ते ३० जानेवारीला चेकने देतो म्हणतायत. मी लग्न झाल्यावर ८ फेब्रुवारीला बिल करणार.

डिचोलीकर

दुसरं आधी, कारण ते अजून तुमच्या हातात आहे. चेक ३० जानेवारीला घेऊन त्याच दिवशी वहीत 'मिळाले' लिहिलंत, तर चेक फेब्रुवारीत वटला तरी पैसे जानेवारीत मिळाले असंच धरतात. वहीची तारीख आणि बँकेत जमा झाल्याची तारीख यातली आधीची घ्यायची असते. मग तेही ॲडव्हान्स, आणि ३६,००० जानेवारीच्या रिटर्नमध्ये. काकांना सांगा, १ फेब्रुवारीनंतर पाठवा. पैसे आणि बिल एकाच महिन्यात आले की ॲडव्हान्स म्हणून वेगळं दाखवायची गरजच राहत नाही.

आता पहिलं. जानेवारीच्या GSTR-1 मध्ये 11A या तक्त्यात, गोव्यातल्या गोव्यात, १८ टक्क्यांच्या ओळीत मूळ रक्कम १,००,००० टाका. टॅक्स ९,००० आणि ९,००० दिसायला हवा. बेरीज २१,२४० दिसली तर समजा की तुम्ही मूळ रकमेऐवजी १,१८,००० टाकलेत. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता आधीच सांगतो. तेच एक लाख GSTR-3B च्या 3.1(a) मध्ये बाकीच्या विक्रीत मिळवा.

फेब्रुवारीत बिल पूर्ण ३,००,००० अधिक ५४,००० चंच करा, ॲडव्हान्स वजा करून छोटं बिल करू नका. GSTR-1 मध्येही तीन लाखच जातील. शेजारी 11B मध्ये एक लाख टाका, म्हणजे आधी भरलेला टॅक्स वळता होतो. 3.1(a) मध्ये निव्वळ दोन लाख आणि ३६,००० राहतील. १८ आणि ३६ मिळून ५४ झाले की हिशेब जुळला. 11B विसरलात तर त्या एक लाखावर दोनदा टॅक्स जातो, आणि कोणी तुम्हाला कळवायला येत नाही. म्हणून व्हाउचरचा नंबर बिलावर लिहायची सवय लावा.

आणि व्याज भरा. २० डिसेंबर ते २० फेब्रुवारी ६२ दिवस, १८ टक्क्यांनी १८,००० वर साधारण ५५० रुपये. GSTR-3B च्या 5.1 मध्ये जातात.

वास्कोचा_हिशेबनीस

व्याजाबद्दल थांबा. मांडववाले, तुमच्या क्रेडिट लेजरमध्ये शिल्लक आहे का? व्याज फक्त रोखीने भरायच्या भागावर लागतं.

फोंड्याचा_मांडववाला

एलईडी लाइट घेतले होते, त्याचं ११,००० क्रेडिट तेव्हापासून पडून आहे.

वास्कोचा_हिशेबनीस

मग रोख ७,००० वरच. ६२ दिवसांचे २१४ रुपये. साडेपाचशे कशाला?

डिचोलीकर

ती सवलत खरी आहे, पण ती त्या महिन्याची विक्री त्याच महिन्याच्या रिटर्नमध्ये दाखवून रिटर्न उशिरा भरणाऱ्याला आहे. इथे रिटर्न वेळेवर गेलं आणि रक्कमच राहिली. नियम 88B चा दुसरा भाग अशा वेळी न भरलेल्या पूर्ण टॅक्सवर व्याज धरतो. मी १८,००० वरच भरायला सांगेन.

वास्कोचा_हिशेबनीस

क्रेडिट लेजरमध्ये पैसे असताना सरकारचं नुकसान काय झालं? आम्ही दोघांचं रोख भागावरच भरलंय. नोटीस नाही आली.

डिचोलीकर

नोटीस न येणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. पण तुमचा युक्तिवाद चुकीचा म्हणून मी उडवून लावत नाही. फरक सव्वातीनशे रुपयांचा आहे, त्यासाठी मांडववाल्यांनी वाद अंगावर घेऊ नये असं मला वाटतं.

म्हापसा_हार्डवेअर

माझं चुकलं, सेवेचा भाग माहीत नव्हता. पण डिचोलीकरबाब, मी टाइल विकतो आणि बसवूनही देतो, मजुरीचं बिल वेगळं. त्या मजुरीचा ॲडव्हान्स घेतला तर?

डिचोलीकर

मजुरी स्वतंत्र ठरलेली असेल तर ती सेवा, ॲडव्हान्सवर टॅक्स. टाइल आणि बसवणं एकाच रकमेत ठरलं असेल तर प्रश्न वेगळा, करार बघितल्याशिवाय बोलणार नाही.

फोंड्याचा_मांडववाला · २५ जानेवारी

काकांशी बोललो, २ फेब्रुवारीला बँकेतून पाठवतो म्हणाले, काही हरकत नाही. दोन पावत्या वेगळ्या केल्या. बाकीचे तीन ॲडव्हान्सही काढले: ३५,४००, २३,६०० आणि ५,९००. तिन्ही डिसेंबरातले, मार्चच्या लग्नांचे. म्हणजे मूळ ५५,००० आणि टॅक्स ९,९००, तोही जानेवारीच्या 11A मध्येच टाकतो. यांची मुदत २० जानेवारीला गेली, म्हणजे व्याज ३१ दिवसांचं. व्याज पूर्ण रकमेवर भरतो. हिशेब बघणाऱ्यांना आज संध्याकाळी भेटतोय, व्हाउचरची वही सोबत नेतो.