अनुभव धागा: जोडीतल्या बैलाचं नाव कोण ठेवतं, आणि कधी बदलावं लागतं?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या सगळ्यांना विचारतोय. तुमच्या गोठ्यातल्या जनावरांची नावं काय होती, आणि ती तशीच का पडली? सुरुवात आमच्या घरापासून करतो.

आमची जोडी हौशा आणि सोन्या. हौशा थकला, तेव्हा आज्जांनी चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेतून नवा खिल्लार आणला. विकणारा कन्नड बोलणारा होता. बैलाचं नाव त्यानं सोम्या सांगितलं आणि आम्हीही तेच चालू ठेवलं. सोयाबीनच्या कोळपणीत घोळ झाला. सोन्या मागं रेंगाळला म्हणून हाक मारली की दोघंही पुढं झेपावायचे. कोळप्याची पास ओळीत शिरायची आणि रोपं कापली जायची. आज्जा म्हणाले, जोडीतली नावं पहिल्या अक्षरापासूनच वेगळी पाहिजेत.

मग त्याचा बसव्या केला. नाव एकदम बदललं नाही. पेंडीचं घमेलं पुढं ठेवताना आधी 'सोम्या-बसव्या' म्हणायचं, काही दिवसांनी नुसतं 'बसव्या'. त्या वेळी सोन्याच्या पुढ्यात काही ठेवायचं नाही. शिकला की नाही ते कानावरून कळायचं. पाठीमागून हळू हाक मारली की ज्याचं नाव त्याचाच कान वळला पाहिजे. दोघांचेही वळले तर अजून औताला जुंपू नका, असं आज्जा सांगायचे.

चिकोडीकडचा: बैलाला नाव कळत नाही हो, आवाज कळतो. आमचा बैल वडिलांशिवाय कुणाचं ऐकायचा नाही. मी तेच नाव घेतलं तरी ढिम्म.

धागाकर्ता: आवाजाचा भाग आहेच, मान्य. पण आमच्याकडं आज्जा, चुलते आणि मी, तिघांच्याही हाकेला सोन्याच मान वळवायचा. तुमच्याकडं बहुतेक एकट्या वडिलांनीच औत धरलं असेल.

चिकोडीकडचा: धरलं त्यांनीच, ते खरं. तरी मला पटत नाही.

निपाणीची सून: आमच्या बैलाचं नाव राजा, आणि सासऱ्यांच्या नावाची सुरुवातही तीच. मी लग्न करून आले तेव्हा ते नाव तोंडातून काढायची सोय नव्हती. वैरण तर मीच टाकायची! मग मी त्याला 'थोरला' म्हणायला लागले. शेतात तो राजा आणि गोठ्यात थोरला, दोन्ही हाकांना ओ द्यायचा. सासरे गेल्यावरही मला राजा म्हणवलं नाही.

रायबागवाला: विकत आणलेल्या बैलाचं नाव आम्ही बदलत नाही. तो कन्नडातलं 'बा', 'निल्लु' ऐकत वाढलेला असतो. त्याला आपली भाषा शिकवण्यापेक्षा गड्यानं दोन शब्द शिकलेले बरे. नाव सारखं निघालं तर मात्र तुम्ही केलं तेच करावं लागेल.

दूधवाली काकी: बैलाचं मला काही सांगता यायचं नाही, म्हशीचं सांगते. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून आमची चांदी. तिची रेडी म्हणजे चांदीची, तिचीही रेडी चांदीची नात. वेगळं नाव कुणालाच नव्हतं, पण आजी-पणजीपर्यंत ओळख लागायची. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचं, "आईचं दूध किती होतं?" टोणग्याला मात्र कधीच नाव ठेवलं नाही. तो राहणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. मुलांनी लाडानं ठेवलं तरी आई हाक मारू द्यायची नाही, नंतर पोरं रडतात म्हणून.

खानापूरकर: काकी, आमच्याकडं रेड्यांना नावं होती. भाताच्या चिखलणीला, गुडघाभर पाण्यात, रेडेच लागायचे. आमची काळ्या आणि मोत्या अशी जोडी होती. दोघंही काळेच, पण काळ्या आधी आला म्हणून ते नाव त्याचं. काम करतो त्याला नाव, एवढंच आमच्या घरचं गणित होतं. पॉवर टिलर आला आणि पुढचे रेडे बिननावाचे राहिले.

एक वाचक: जर्सीचं काय? माझ्याकडं चार आहेत. कानात पिवळा बिल्ला आहे, त्यावर १२ आकडी नंबर. विम्याच्या कागदावर तोच लागतो. नाव ठेवायचं राहूनच गेलं. ठेवू का आता?

दूधवाली काकी: ठेवा की. धारेला बसताना रोज तेच नाव घ्या, आणि बसणारं माणूसही तेच ठेवा.

चिकोडीकडचा: बघा, म्हणजे माणूसच!

रायबागवाला: दोन खिल्लार एकसारखे पांढरे असतील तर ढवळ्या कुणाला म्हणायचं? आमच्यात यावरून दोन भावांचं भांडण झालं होतं. शेवटी डाव्या अंगाला चालणारा ढवळ्या ठरला. पण पुढं त्याला उजवीकडं जुंपायची वेळ आली, तेव्हा काय केलं ते वडिलांना विचारून सांगतो.