मदत हवी आहे: आजोबांवरचं दहा मिनिटांचं भाषण तीन मिनिटांत कसं बसवू?

टोपण_हरवलं
रविवारी आजोबांची शोकसभा आहे आणि नातवंडांतर्फे मी बोलणार आहे. लिहिलेलं १०९० शब्द झालं, घड्याळ लावून मोठ्याने वाचलं तर दहा मिनिटं वीस सेकंद. काल कळलं की बोलणारे आठजण आहेत आणि प्रत्येकाला तीनच मिनिटं.

आत्ताची मांडणी अशी: जन्म-शिक्षण-नोकरी ३०० शब्द, स्वभाव १५०, बसस्टँडची गोष्ट ३१०, बल्बची गोष्ट १८०, आजारपण आणि आभार १५०. दोन्ही गोष्टी राहायलाच हव्यात. बसस्टँडची बाबांना हवी आहे, बल्बची आत्याला, आणि आजी समोर बसलेली असेल.

मी प्रत्येक परिच्छेद थोडाथोडा छाटला. ३३० शब्दांवर आलं, पण सगळं मेल्यासारखं वाटतंय. बसस्टँडचं आता एवढंच उरलंय: "काका नापास झाल्यावर घर सोडून निघाला होता, पण आजोबांनी न रागावता, समजुतीने त्याला परत आणलं." चुकतंय कुठे?

घाईतला
एवढं कशाला कापताय? बातम्या देणारे मिनिटाला दीडशे शब्द सहज बोलतात. म्हणजे तीन मिनिटांत साडेचारशे. जरा पटपट बोला, झालं.

सदाफुली_७
आमच्या आजोबांच्या वेळी मला कुणी बोलूच दिलं नाही, अजून रुखरुख आहे. मी तुमच्या जागी असते तर आयोजकांशी भांडून दहा मिनिटं मागून घेतली असती. नात आहात तुम्ही, परक्या नाही.

टोपण_हरवलं
@सदाफुली_७ वाईट वाटलं वाचून. पण आयोजक म्हणजे आमचे बाबाच आहेत :) आणि बाकीच्या सातजणांनाही तीनच मिनिटं आहेत.

उंबरठा
मी बरीच वर्षं अशा सभांचं सूत्रसंचालन करतो, म्हणून सांगतो.

@घाईतला, बातम्या देणाऱ्याचा आवाज भरून येत नाही. टोपण, तुमचा वेग तुमच्याच आकड्यांत आहे: १०९० शब्दांना दहा मिनिटं वीस सेकंद, म्हणजे मिनिटाला साधारण १०५. तीन मिनिटांचे ३१५ झाले. त्यातून आवंढा गिळायला आणि लोकांच्या हसण्याला जागा सोडा. २७० शब्द धरा.

आता खरी चूक. तुम्ही सगळीकडून सारखं कापलंत. माहिती तशी कापली तर आखूड होते, गोष्ट कापली तर तिचा सारांश होतो. "समजुतीने परत आणलं" हा तुमचा निष्कर्ष झाला. तो ऐकणाऱ्याने काढायचा असतो. आजोबा तिथे नेमकं काय बोलले? ते लिहा, मग समजूत हा शब्द लागणारच नाही.

म्हणून पहिले तीनशे शब्द पूर्ण काढा. नोकरी आणि सालं आठांपैकी कुणीतरी सांगणारच आहे, बाबांना विचारून कुणाकडे आहेत ते ठरवून घ्या. स्वभावाचा परिच्छेदही काढा, त्याचं काम दोन गोष्टी करतील. आभार बाबा मानतील. उरल्या फक्त गोष्टी, ४९० शब्द. आता त्यांच्यातून कापा. प्रत्येक गोष्टीचं शेवटचं वाक्य आधी लिहा आणि तिथून मागे या. ते वाक्य कळायला जे लागत नाही, ते गेलं.

टोपण_हरवलं
बसस्टँडच्या गोष्टीत कोणत्या विषयात किती गुणांनी नापास, आजोबांना कुणी सांगितलं, पाऊस होता की नाही, आणि शेवटी "यातून त्यांचा समंजसपणा दिसतो" असं सगळं होतं. काढल्यावर हे उरलं:

"परीक्षेत नापास झाला त्या संध्याकाळी काका कपड्यांची पिशवी घेऊन बसस्टँडवर गेला. बाकावर आजोबा आधीच पेपर वाचत बसलेले. वर न बघता त्यांनी सरकून जागा केली. गाडी लागली. आजोबा म्हणाले, 'हिला फार गर्दी आहे, पुढची बघू.' पुढची आली. 'हिलाही गर्दीच आहे.' तिसरी अर्धी रिकामी होती. आजोबांनी पेपराची घडी घातली. 'हिला गर्दी नाही, पण आता उशीर झालाय. घरी जाऊ, उद्या बघू.' उद्याचं पुन्हा कुणीच काढलं नाही."

आणि बल्बची:

"घरात आलेल्या प्रत्येक बल्बवर, सेलवर आजोबा मार्करने तारीख घालायचे. बंद पडला की हिशोब करायचे, आणि मुदत उरली असेल तर दुकानात परत. आजी एकदा वैतागून म्हणाली, 'माझ्यावरही घाला एक तारीख.' ते म्हणाले, 'परत करायच्या वस्तूंवर घालतो मी.'"

दोन्ही मिळून जेमतेम शंभर शब्द. आता उलटंच झालं, जागा उरली!

उंबरठा
ती भरायची घाई करू नका. हे आजोबांना न ओळखणाऱ्या कुणाला तरी एकदाच ऐकवा आणि तासाभराने त्यांच्या तोंडून परत ऐका. ते जिथे अडखळतील तिथे एखादं वाक्य कमी पडलंय, तेवढंच परत घाला. बाकी जागेत सुरुवातीला दोन ओळी, दोन गोष्टींमध्ये एक, आणि शेवटी तुमचं स्वतःचं काही असेल तर तेवढं.

क्रम म्हणाल तर बल्ब आधी. लोक हसले की बोलणाऱ्याचाही घसा मोकळा होतो.

गवती
मला नाही पटत. बल्बची गोष्ट आजीची आहे, आणि आजी समोर आहे. भाषण तिच्यापाशीच थांबायला हवं. हसवून सुरुवात हे स्नेहसंमेलनाला ठीक.

टोपण_हरवलं
दोन्ही क्रमांनी मोठ्याने वाचलं. बल्ब शेवटी घेतला की "परत करायच्या" या शब्दांवर दोनदा आवाज गेला, पुढचं येईचना. आधी घेतला तर जातो, पण सावरायला वेळ मिळतो. गवतीचं म्हणणं मनाला पटतंय, पण बल्ब आधीच घेतेय.

मैत्रिणीला ऐकवलं. तिने विचारलं, आजोबा तिथे आधीच कसे पोचले? म्हणून एक वाक्य परत आलं: "निकाल लागला तेव्हाच ते घरातून बाहेर पडले होते." सुरुवात, मधली ओळ आणि शेवट धरून आता सगळं मिळून २५५ शब्द, दोन मिनिटं चाळीस.

चिंचोका
नातवंडांची नावं घेणार ना? आमच्यात एकाचं राहिलं तर वर्षभर अबोला.

उंबरठा
दहा-अकरा नावं असली तर सात-आठ सेकंद, आणि एक चुकलं तर गोष्टी विसरून तेवढंच लक्षात राहतं. "आम्ही सगळी नातवंडं" पुरे. पण घर तुमचं आहे, तुम्हाला जास्त कळतं.

त्याहून मोठी गोष्ट: काकाला विचारलंत का? तो सभेत बसलेला असेल आणि तुम्ही चारचौघांत त्याचं नापास होणं सांगणार. नको म्हणाला तर "घरातला एक मुलगा" म्हणूनही गोष्ट चालते. आणि मोठ्या अक्षरात छापून घ्या. एका ओळीला एकच वाक्य, आणि गोष्ट पानाच्या मध्ये तुटू देऊ नका. एक प्रत भावंडापैकी कुणाकडे द्या. तुम्ही थांबलात तर त्याने तिथून पुढे वाचायचं.

टोपण_हरवलं
खरंच विचारलं नव्हतं. आत्ता फोन केला आणि वाचून दाखवलं. काका बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सांग. पण तीन नाही, चार गाड्या सोडल्या." बाबा म्हणतात तीनच, आणि घरात आता त्यावरून वाद चाललाय.

घाईतला
चार. बसून होता तो.

गवती
तीन. चौथी गाडी म्हणजे आणखी दहा सेकंद.