दुसरा फरक 4 आला तर n² च्या मागं 2 का लावायचं?

धागाकर्ती, बेळगाव: पोरीच्या वहीत 3, 8, 17, 30, 47 अशी क्रमिका आहे, फरक 5, 9, 13, 17 आणि त्यांचे फरक सगळे 4. तिनं 4n² लिहिलं, क्लासवाले म्हणतात निम्मं करायचं. का ते विचारलं तर म्हणे पाठ करा. असं पाठ करून घेणं बरोबर आहे का?

निपाणीकर: पाठ करू दे की हो, पेपरात वेळ कुठं असतोय. निम्मं करा, 2n² च्या किमती 2, 8, 18, 32, 50 खाली लिहून वरच्यातून वजा करा, 1, 0, −1, −2, −3 उरतात, म्हणजे 2 − n. उत्तर 2n² − n + 2, विषय संपला.

खानापूरचा मास्तर: उत्तर बरोबर, पण पोरीनं 'का' विचारलंय ते तसंच राहिलं. an² + bn + c मध्ये n ला 1, 2, 3 घालून बघा, a+b+c, 4a+2b+c, 9a+3b+c. लगतचे वजा केले की 3a+b आणि 5a+b, परत वजा केलं की 2a. दुसरा फरक म्हणजे हा 2a, म्हणून निम्मं. आता 2a = 4, 3a+b = 5, a+b+c = 3 सोडवा, a = 2, b = −1, c = 2. हे एकदा हातानं केलेलं पोरगं 4n² लिहीत नाही, मी वर्गात रोज बघतोय.

किराणावाला: आमच्या दुकानात डबे रचतो, 1, 3, 6, 10. दुसरा फरक 1 येतो मग n² कुठाय यात? ह्यो तर साधा हिशोब, अंकगणिती श्रेढीच की.

खानापूरचा मास्तर: नाही ओ, श्रेढीत पहिलाच फरक सारखा असतो, तुमचा 2, 3, 4 असा वाढत जातोय. निम्मं केलं की ½n², उरतं ½, 1, 1½, 2, म्हणजे n/2. अपूर्णांक बघून पोरं चुकलं म्हणून खोडतात, ते तेवढं सांभाळा.

निपाणीकर: बरं मास्तर, पण तीन संख्या असल्या तरी माझी रीत चालते, पाच कशाला लागतात?

खानापूरचा मास्तर: इथंच फसता. तीन संख्यांत दुसरा फरक एकच निघतो, तो सारखा आहे की नाही कशाशी ताडणार? 1, 2, 4 घ्या. तुमच्या रीतीनं पुढं 7, दुप्पट धरणाऱ्याचं 8, दोघंही आपापल्या जागी बरोबर. चार पाहिजेतच, आणि चारही जुळले तरी गणितात वर्गक्रमिका म्हटलेलं नसेल तर पाचव्याची हमी नाही.

निपाणीकर: पेपरात असलं कोण विचारतंय ओ. माझी पोरं निम्मं करूनच पास झाली.

धागाकर्ती, बेळगाव: 2a कळलं तिला. आता विचारतेय n³ ला काय करायचं 🙏