पायऱ्या आहेत, तरी अन्याय का वाटतो?

> "वर्गाच्या आचारसंहितेत शिक्षेच्या चार पायऱ्या लिहिल्या आहेत. तरी मुलं म्हणतात, सर माणूस बघून शिक्षा देतात. कुठे चुकतंय?"

बहुतेक नियमाच्या शब्दांतच. 'उद्धटपणा करू नये' हे वाक्य घ्या. एका शिक्षकाला उलट प्रश्न विचारणं उद्धटपणा वाटतो, दुसऱ्याला तीच हुशारी वाटते. मग पायऱ्या कितीही असोत, पहिली कुठे सुरू होते हेच ठरत नाही. आम्ही ते बदलून लिहिलं: 'दुसरा बोलत असताना आपण थांबतो, कारण मागच्या बाकावरच्यालाही ऐकू यायला हवं.' काय करायचं आणि का, दोन्ही त्यात आलं.

आता कोणी मध्येच बोललं, तर आधी जवळ जाऊन हळूच आठवण. त्याच तासाला पुन्हा झालं तर जागा बदलायची. तिसऱ्यांदा, तास संपल्यावर पाच मिनिटं बोलणं, आणि आधी त्याची बाजू ऐकायची. त्यानंतरही तेच चाललं तर पालकांना निरोप. नोंदीत 'उद्धट' लिहायचं नाही, 'तीनदा मध्ये बोलला' एवढंच.

आमची मोठी चूक वेगळीच होती. मोजणी कधी शून्यावर येते, हे लिहिलंच नव्हतं. त्यामुळे महिन्यापूर्वी तीनदा बोललेला मुलगा आज एकदा कुजबुजला की थेट पालकांना निरोप! आता पहिल्या दोन पायऱ्या तासापुरत्याच, तिसरीची नोंद दोन आठवड्यांनी गळते. मारामारी किंवा छळ मात्र या शिडीवर नाहीच, तिथे आठवणीपासून सुरुवात करता येत नाही.

नोंदवही एकदा चाळून बघा. एकाच वागण्याला दोन मुलं वेगवेगळ्या पायरीवर दिसली, तर मुलं खरं बोलताहेत.